थांबलेल्या खेळातले बारा सेकंद

हे लिहायला बसताना आधी माफी मागायला हवी असं वाटतं. आमच्या घरात शाळेच्या वहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मीही आजवर जे लिहिलं ते परीक्षेचे पेपर, किंवा नोकरीतल्या दोषांच्या नोंदी. ज्याला चार माणसं वाचतील असं काही लिहिण्याचा मला काय अधिकार, हे मला माहीत नाही. त्यात विषय म्हणजे मोबाइलवरच्या एका खेळातलं एक बटण. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी यवतमाळकडचा. बाबा एसटीच्या आगारात गाड्या धुवायचे. पुण्यात मी बी. एस्सी. कॉम्प्युटर करायला आलो आणि शनिवार पेठेत कॉटबेसिसवर राहू लागलो. एका खोलीत चौघं. शेवटच्या वर्षी कॉलेज सकाळचं होतं, म्हणून दुपारपासून रात्री आठपर्यंत बिबवेवाडीत एका लहान कंपनीत जाऊ लागलो. खाली टाइल्सचं दुकान, वर आमचं ऑफिस. आम्ही बावीस माणसं होतो आणि मोबाइलचे गेम बनवायचो. गेम आमचे नव्हते, बाहेरच्या देशातल्या एका कंपनीने करायला दिलेले. मी टेस्टर होतो. म्हणजे दिवसभर तोच गेम खेळायचा, तो कुठे मोडतो ते शोधायचं आणि लिहून ठेवायचं. सहा महिन्यांची उमेदवारी होती.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक प्रोग्रामर बसायचा. तोही उमेदवारीवरच. त्याचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. तो कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढला होता. ऑफिसात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सर त्याला 'खडकी' म्हणायचे आणि मला 'वऱ्हाड'. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. जुन्या पेठेतले, बोलणं स्वच्छ, आवाज कधी चढायचा नाही. मी पहिल्या दिवशी त्यांना माझं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाव राहू दे. सहा महिने टिकलास तर पाठ करीन."

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, पुण्यात असंच असेल.

खडकीने मला बरंच शिकवलं. माझ्या नोंदींचं इंग्रजी तो सरांकडे जायच्या आधी गुपचूप दुरुस्त करून द्यायचा. "अरे, 'गेम इज डूइंग प्रॉब्लेम' म्हणजे काय? काय केलंस, काय झालं, काय व्हायला हवं होतं. तीनच गोष्टी लिही. आंधळ्यालाही करून बघता आलं पाहिजे." त्याच्या डब्यात दोन पोळ्या जास्त असायच्या, त्या माझ्यासाठीच, हे मला फार उशिरा कळलं.

शुक्रवारी चार वाजता बैठक व्हायची. भिंतीवर मोठा टीव्ही होता, त्याला फोन जोडायचा. आठवड्यात ज्याने जो दोष नोंदवला असेल तो त्याने सगळ्यांसमोर करून दाखवायचा. दाखवता आला नाही तर टेस्टरने बैठक संपेपर्यंत उभं राहायचं. दोष खरा निघाला तर ज्याच्या कोडमुळे तो झाला त्याने उभं राहायचं. ही सरांची पद्धत. ते म्हणायचे, "मी कुणाला शिक्षा करत नाही. मी फक्त खुर्ची काढून घेतो."

त्या वर्षीचा गेम गच्च्यांवरून धावणाऱ्या एका मुलीचा होता. वरून दगड पडतात, समोरून पक्षी येतात, ती उड्या मारत जाते. तिच्याकडे दोन शक्ती होत्या. एक ढाल. बटण दाबलं की तीन सेकंद तिला काही लागत नाही. पण एकदा वापरली की बारा सेकंद ती परत मिळत नाही. बटणाभोवती करडं वर्तुळ येतं, ते हळूहळू भरत जातं आणि पूर्ण भरलं की बटण उजळतं. या थांबण्याला आम्ही कूलडाउन म्हणायचो. गेमची सगळी गंमत त्या बारा सेकंदांत होती, कारण त्यातले नऊ सेकंद मुलगी उघडी असायची. दुसरी शक्ती म्हणजे वेळ मंदावणं. ती वापरली की दहा सेकंद दगड, पक्षी, मुलगी, सगळं पाचपट हळू चालायचं.

या दोन शक्तींची आपसात भानगड झाली. ती मीच शोधली. ढाल वापरून लगेच वेळ मंदावली की ढालीचं वर्तुळही पाचपट हळू भरायचं. बारा सेकंदांऐवजी वीस लागायचे. कारण ते वर्तुळ खेळाच्या घड्याळावर चालायचं आणि खेळाचं घड्याळच मंदावलेलं. बाहेरच्या कंपनीचं म्हणणं होतं की खेळणाऱ्याच्या हातातल्या घड्याळाने बाराच सेकंद लागले पाहिजेत. शुक्रवारी मी ते टीव्हीवर दाखवलं. ढालीचं काम खडकीकडे होतं, त्यामुळे तो उभा राहिला. उभ्या उभ्या माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला. राग नव्हता.

सर त्याला म्हणाले, "हे संध्याकाळपर्यंत नीट कर. फार डोकं लावू नकोस, तुला त्याची सवय नाही."

त्याने संध्याकाळपर्यंत केलं. ढालीचे बारा सेकंद त्याने खेळाच्या घड्याळावरून काढले आणि खऱ्या घड्याळाला जोडले. जे कधी मंदावत नाही, जे फोन चालू आहे तोवर आपलं चालतच राहतं. मी स्टॉपवॉच लावून तपासलं. वेळ मंदावली तरी बरोबर बारा. पॉज करून पाहिलं का? पाहिलं. थांबवला, एका सेकंदात परत चालू केला, काही बिघडलं नाही. मी नोंद बंद केली. घाई त्याची होती तशी माझीही होती.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी बाबांचा फोन आला. मी तेव्हा गेम खेळत होतो, नुकतीच ढाल वापरली होती. कंपनीच्या फोनवर पॉज दाबलं आणि माझा फोन घेतला.

"काय करून राह्यला?" बाबा म्हणाले.

"काम करतोय बाबा."

"मागून तर गाण्याचा आवाज येऊन राह्यला."

"गेमचा आहे. तेच काम आहे."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांना ते कधीच पटलं नाही. "कायम केलं का त्यायनं?"

"नाही अजून."

फोन ठेवून मी गेम चालू केला आणि बटणाकडे लक्ष गेलं. ते उजळलेलं होतं. ढाल अजून अंगावर होती, तिचे दोन सेकंद शिल्लक होते, आणि बटण परत दाबायला तयार. मला वाटलं मी काहीतरी विसरतोय. पुन्हा केलं. ढाल, लगेच पॉज, स्टॉपवॉचवर बारा, चालू. बटण उजळलेलं. मग पाचच सेकंद थांबून पाहिलं. वर्तुळ पाच सेकंदांइतकं पुढे उडी मारून आलं होतं. पॉज केलं की सगळं जग थांबत होतं, दगड हवेत थांबत होते, ढालीचं आयुष्यही थांबत होतं, कारण ते खेळाच्या घड्याळावर होतं. फक्त बारा सेकंद थांबत नव्हते. वर पॉजची पाटी येऊन बटण झाकलं जायचं, म्हणून ते चालताना कुणाला दिसत नव्हते. आणि आम्ही टेस्टर लोक पॉज तपासताना क्षणभरच थांबतो, कुणाला बारा सेकंद बसून राहायला वेळ असतो?

याचा अर्थ असा की ज्याच्याकडे थोडा धीर आहे त्याची मुलगी कधी मरणारच नाही. ढाल, पॉज, बारा मोजा, चालू, परत ढाल. आणि या गेममध्ये जगभरच्या खेळाडूंची गुणांची यादी होती. पहिला नंबर कुणालाही मिळाला असता.

मी ते लगेच नोंदवायला हवं होतं. माझं कामच ते होतं. पण आधीच्या शुक्रवारी मी दुसऱ्याच एका दोषासाठी उभा राहिलो होतो, टीव्हीवर तो झालाच नव्हता. म्हणून आधी मी खडकीला चहाला खाली नेलं आणि सांगितलं.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "शप्पथ?"

"तीनदा करून पाहिलं."

त्याने बोटांवर हिशेब केला. "माझीच चूक. खरं घड्याळ पॉजला कशाला ऐकेल? अरे देवा." मग म्हणाला, "भावा, एक कर. दोन दिवस नोंदवू नकोस. यादीत यायच्या आत मी करून देतो. पॉज केल्याची वेळ लिहून ठेवायची, चालू केलं की जेवढा वेळ थांबलो तेवढा ढालीच्या वेळेत वाढवायचा. चार ओळींचं काम आहे. पण परत शुक्रवारी उभा राहिलो ना, तर सर मला कायम नाही करायचे. पप्पा महिनाअखेर रिटायर होतायत. क्वार्टर सोडावं लागेल. नोकरीचं पत्र असल्याशिवाय भाड्याचं घर कोण देतंय?"

मी म्हटलं, "नाही नोंदवत." आणि ते मी मनापासून म्हटलं होतं, एवढं तरी इथे लिहू द्यावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, "झालं?"

"दिलंय," तो म्हणाला.

आमच्याकडे रोज सकाळी नवा बिल्ड यायचा, म्हणजे आदल्या दिवशीच्या सगळ्या कामासह बांधलेला ताजा गेम. टेस्टरला फक्त तोच दिसतो. आत कुणी काय लिहिलं, कुठे अडकलं, ते आम्हाला दिसत नाही, तशी परवानगीच नसते. तिसऱ्या दिवशी मी बिल्ड उघडला. ढाल, पॉज, बारा. बटण उजळलेलं.

"अजून तसंच आहे रे."

"दिलंय म्हटलं ना. येईल."

चौथ्या दिवशी तसंच. पाचव्या दिवशी तसंच. मी पुन्हा विचारलं तेव्हा तो थोडा चिडला. "मी काय करू सांग? माझ्या हातात जे होतं ते केलं." मला वाटलं, हा टाळतोय. चार ओळींचं काम म्हणाला होता आणि आठवडा झाला. माझ्या बोटाखाली रोज ते बटण उजळत होतं. माणूस काय म्हणतो त्यावर नाही, गेम काय करतो त्यावर विश्वास ठेवायचा, हे टेस्टरला पहिल्या दिवशी शिकवतात. मला ते त्यानेच शिकवलं होतं.

त्याच सुमारास सरांनी आम्हा दोघांना काचेच्या खोलीत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, पण त्या दिवसापासून चेष्टेने अहोजाहो करू लागले.

"वरून निरोप आलाय," ते म्हणाले. "उमेदवारांपैकी एकच जागा कायम होणार. तुम्ही दोघं आहात. मला गणित येतं, तुम्हालाही येत असेल."

खडकी म्हणाला, "सर, पण तो टेस्टर आणि मी प्रोग्रामर. आमची तुलना कशी..."

"जागेला कळत नाही तिच्यावर कोण बसलंय ते," सर म्हणाले. "सोमवारी गेम बाहेरच्यांकडे जाईल. त्याआधी शुक्रवारी ठरवू. एखादा मोठा मासा पकडून दाखवा, वऱ्हाड. आणि खडकी, तुम्ही मासा होऊ नका. जा."

बाहेर आल्यावर खडकी हसला. "तू घे जागा. तुला घरी तोंड दाखवायचंय." मी म्हटलं, "वेडा आहेस का?" पण मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. मला माझा मासा माहीत होता. तो माझ्या खिशातच होता.

गुरुवारी मी शनिवार पेठेतून स्वारगेटपर्यंत चालत गेलो, बस घेतली नाही. चालताना मनात वाद घालत होतो. सोमवारी गेम गेला आणि बाहेरच्यांनीच हे शोधलं तर विचारतील, टेस्टर काय करत होता? तेव्हा माझी जागा जाईल आणि त्याचीही जाईल. नोंदवणं हे माझं काम आहे. मी वचन दोन दिवसांचं दिलं होतं, नऊ झाले. सगळं बरोबर होतं. आजही मी ते उलटसुलट तपासतो, तरी त्यात चूक सापडत नाही. फक्त एक गोष्ट होती. मी त्याला आधी सांगू शकलो असतो. "आज नोंदवतोय," एवढं. त्याला तीन शब्द लागत नाहीत. पण सांगितलं असतं तर त्याने पुन्हा विनवलं असतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी पावणेचारला मी नोंद टाकली. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. सोबत व्हिडिओ. इंग्रजी एकदाही अडखळलं नाही.

चार वाजता टीव्हीवर यादी आली. माझी नोंद सगळ्यात वर होती, लाल रंगात. खडकी माझ्या शेजारीच बसला होता. त्याने ती वाचली. तो वळून माझ्याकडे बघेल म्हणून मी मान ताठ धरली होती. तो वळला नाही.

"वा," सर म्हणाले. "वऱ्हाडातून दाखवा."

मी फोन जोडला. मुलगी दोनदा गच्चीवरून पडली.

"सावकाश. विदर्भात पॉज म्हणजे दुपारची झोप, तुम्हाला जमायला हवं."

हशा झाला. तिसऱ्यांदा जमलं. ढाल घेतली, पॉज केलं.

"आता?"

"आता बारा सेकंद थांबायचं, सर."

"मग मोजू या की," सर म्हणाले. "सगळे. मोठ्याने."

बावीस माणसं होती. कुणीतरी सुरुवात केली आणि सगळे मोजू लागले. एक, दोन, तीन. शाळेत पाढे म्हणतात तसं. खडकीच्या मागे बसणारा एक प्रोग्रामर आकड्याला टाळी देऊ लागला. बारा झाल्यावर मी गेम चालू केला. मोठ्या टीव्हीवर बटण उजळलेलं दिसलं. "ओहो!" असा आवाज उठला.

"खडकी, उभे राहा," सर म्हणाले. तो उभा राहिला. "ढाल कुणाची?"

"माझी, सर."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं सर. याने मला सांगितलं होतं. मी दुरुस्ती दिली होती."

"बिल्डमध्ये आहे?"

"नाही सर, पण मी पाठवली होती, तुमच्या..."

"बिल्डमध्ये आहे का, एवढंच विचारलं."

"नाही."

"मग दिली नाही. आईने डबा भरला म्हणजे पोट भरत नाही, खावा लागतो." पुन्हा हशा. सर माझ्याकडे वळले. "म्हणजे याने तुम्हाला गप्प बसवलं होतं. किती दिवस?"

मी काय बोलावं? 'दहा दिवस' म्हटलं तर मी दहा दिवस दोष लपवला असं झालं असतं. मी म्हणालो, "मी याला तोंडी सांगितलं होतं सर. दुरुस्त होत नाही हे नक्की झालं तेव्हा नोंदवलं."

हे वाक्य खोटं नव्हतं. पण ते खरं म्हणून मी बोललोच नव्हतो.  खडकी एवढं म्हणाला असता की याने मला वचन दिलं होतं, तर माझीही खुर्ची गेली असती. तो खाली फरशीकडे बघत राहिला.

"द्या फोन त्याला," सर म्हणाले. "ज्याने केलंय त्याला ते पाठ हवं. खडकी, करून दाखवा."

त्याने माझ्या हातातून फोन घेतला. ढाल, पॉज. सगळे मोजू लागले. बारा. चालू. बटण उजळलं.

"परत."

पुन्हा मोजलं. टाळ्या आता एका तालात पडत होत्या.

"परत. हाताला सवय होऊ दे."

पाचव्या वेळी त्याच्या कानामागे घाम दिसत होता. सहाव्या वेळी त्याचं बोट चुकलं, पॉजऐवजी दुसरीकडे लागलं आणि मुलगी दगडाखाली गेली. सर म्हणाले, "पाहा, तुमच्या हाती तर दोषसुद्धा धड होत नाही." त्यावर जे हसू उठलं ते बराच वेळ टिकलं. चित्रं काढणारी एक मुलगी पाणी प्यायला म्हणून उठून बाहेर गेली, ती परत आली नाही. बाकी सगळे बसून होते.

नऊ वेळा झालं. मी मोजलं आहे, कारण मीही त्या सगळ्यांबरोबर मोठ्याने मोजत होतो. पहिल्या वेळी ओठ हलवले, नंतर आवाज निघू लागला. सरांची नजर एकदा माझ्यावरून फिरली म्हणून निघू लागला, असं म्हणता येईल. पण सातव्या-आठव्या वेळी ती माझ्याकडे नव्हतीच.

बैठक संपल्यावर सर त्याला म्हणाले, "सोमवारी यायची तसदी घेऊ नका." मला म्हणाले, "तुमचं नाव काय म्हणालात?"

त्याने टेबल आवरलं. हेडफोन, डबा, वडिलांच्या कारखान्याचं नाव असलेली एक स्टीलची पट्टी. मी उभा होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. तोच म्हणाला, "स्टेप्स छान लिहिल्यास. एकही शब्द बदलावा लागला नसता."

टोमणा होता का? मला अजून कळलेलं नाही. त्याला टोमणे मारता येत नसत. तो पुण्यात जन्मला होता तरी.

सोमवारी सकाळच्या बिल्डमध्ये ढाल नीट झालेली होती. पॉज केलं की वर्तुळही थांबत होतं आणि चालू केलं की तिथूनच पुढे जात होतं. वेळ मंदावली तरी बरोबर बारा सेकंद. सगळे म्हणाले, सरांनी शनिवारी स्वतः बसून दहा मिनिटांत केलं. सरांनी कुणालाच तसं नाही म्हणून सांगितलं नाही. मला पत्र मिळालं. बाबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "आता झोप नीट." आईने आगारातल्या सगळ्यांना पेढे वाटले, असं धाकट्या बहिणीने सांगितलं.

मी त्याला तीन-चारदा फोन लावला. पहिल्यांदा वाजला, नंतर लागेना. दिवाळीनंतर एका रविवारी शिवाजीनगरहून लोकलने खडकीला गेलो. क्वार्टर शोधून काढलं. दारात दुसऱ्याच घरच्या चपला होत्या. एक बाई म्हणाल्या, "ते का? त्यांना जाऊन दोन महिने झाले. घर मिळत नव्हतं म्हणे इकडे, तर गावाला गेले. मुलगा फार हुशार होता हो." मी गाव विचारलं. त्यांना आठवेना. परत येताना मला हलकं वाटलं होतं. तो भेटला नाही म्हणून. हे लिहायची लाज वाटते, पण खरं तेच आहे.

तेव्हापासून मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो. त्याने आळस केला, मला खोटं सांगितलं, मी माझं काम केलं. बाकी जे झालं ते सरांनी केलं. या गोष्टीवर मी पदवी घेतली, दुसरी नोकरी पकडली, नोकरी करत पुढचं शिक्षणही चालू केलं. नव्या ऑफिसात माझ्या हाताखाली येणाऱ्या पोरांना मी मनापासून अहोजाहो करतो, कुणाला गावाच्या नावाने हाक मारत नाही. त्यातून काही फिटतं असं मला वाटायचं.

गेल्या महिन्यात त्या कंपनीतला एक जुना सहकारी भेटला. तोच, जो टाळ्या देत होता. ती कंपनी आता बंद झाली आहे. जुनं सगळं कोड एका जागी गोळा करून बाहेरच्यांच्या हवाली करायचं काम त्याला मिळालं होतं. आम्ही चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "तुला एक सांगू का, राग मानू नकोस."

"बोल."

"ती ढालीची दुरुस्ती सरांची नव्हती रे. खडकीचीच होती. प्रत्येक बदलावर कुणी केला, कधी केला हे लिहिलेलं असतं ना. तू त्याला सांगितलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी दहाच्या आत त्याने पाठवली होती. सरांनी मंजूर केल्याशिवाय बिल्डमध्ये जात नाही. सरांनी त्याच संध्याकाळी ती उघडली होती. उघडून तशीच ठेवली. शनिवारी मंजूर केली, त्यातलं एक अक्षरही न बदलता."

 तो कप फिरवत राहिला.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "बदलाखाली थोडं लिहायला जागा असते. त्यात त्याने तुझं नाव घातलं होतं. लिहिलं होतं, चूक माझी आहे, शोधली याने, कृपया हा शोध याच्या नावावर धरावा."